शहराजवळचा वीजप्रकल्प आणि कचऱ्यातलं पाणी: प्रस्तावाच्या विरोधात

अध्यक्ष, परीक्षक आणि मित्रहो,

शहरालगत कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभारावा, असा प्रस्ताव या सभागृहापुढे आहे. त्याच्या बाजूने बोललेल्या वक्त्यांनी सांगितलं की एक टन कचऱ्यातून पाचशे ते सहाशे युनिट वीज मिळते. हा आकडा खोटा नाही. युरोपातल्या चांगल्या चालणाऱ्या प्रकल्पांत तेवढी वीज मिळते. पण तिथल्या भट्टीत जातो तो मुख्यतः सुका, कागद आणि प्लॅस्टिक भरपूर असलेला कचरा. ज्या शहरात ओला आणि सुका कचरा एकाच डब्यात पडतो, तिथला एक टन वेगळाच असतो. माझा सगळा विरोध या फरकातून सुरू होतो.

असा एक टन मिश्र कचरा समोर ठेवू. त्यात साधारण पाचशे किलो पाणी असतं. भाज्यांची देठं, फळांच्या साली आणि उष्टं अन्न यांच्यात ते मुरलेलं असतं. अडीचशे किलोच्या आसपास माती, वाळू, दगड-विटांचा चुरा आणि राख असते, म्हणजे जे जळतच नाही ते. खरोखर जळणारा, पाणी नसलेला भाग उरतो अडीचशे किलो. या भागाच्या एका किलोपासून साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते असं धरू. अडीचशे किलोंची झाली ११ लाख २५ हजार किलोकॅलरी.

आता पाण्याचा हिशेब. भट्टीत आधी पाण्याची वाफ होते. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. ती वाफ धुराड्यातून निघून जाते आणि ती उष्णता परत मिळत नाही. पाचशे किलो पाण्यापायी तीन लाख किलोकॅलरी गेल्या. उरल्या सव्वाआठ लाख, म्हणजे किलोमागे ८२५. चुलीत ओली लाकडं घातल्यावर धूर होतो आणि भांडं तापत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे, फक्त रोज शेकडो टनांच्या मापाने.

किलोमागे मिळणाऱ्या या उष्णतेला उष्मांक म्हणतात. जागतिक बँकेने १९९९ मध्ये कचरा जाळण्याविषयी निर्णय घेणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कचऱ्याचा सरासरी उष्मांक वर्षभरात निदान ७ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १,७०० किलोकॅलरी असावा आणि कोणत्याही ऋतूत तो ६ मेगाज्यूलच्या, म्हणजे सुमारे १,४३० किलोकॅलरींच्या खाली जाऊ नये, असं त्यात सांगितलं आहे. भारताच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही जाळून ऊर्जा मिळवण्यासाठी १,५०० किलोकॅलरीची रेघ आखलेली होती, तीही पुनर्वापर न होणाऱ्या कचऱ्यासाठी. आपल्या हिशेबातला कचरा ८२५ वर आहे. पावसात तो आणखी खाली जातो.

तरीही जाळलाच तर वीज किती? अशा प्रकल्पांत उष्णतेचा साधारण पाचवा हिस्साच विजेत उतरतो. सव्वाआठ लाख किलोकॅलरींचे होतात सुमारे ९६० युनिट, त्यांचा पाचवा भाग १९० च्या आसपास. त्यातून पंखे, पंप आणि धूर शुद्ध करणारी यंत्रं चालवायला पंधरा टक्के तरी खर्ची पडते. बाहेर विकायला राहतात जेमतेम १६० युनिट. प्रस्तावात सहाशे लिहिले असतील, तर उत्पन्नाची बाजू तिथेच कोसळते.

हे कागदावरचं गणित आहे, प्रत्यक्षात तंत्रज्ञ काहीतरी मार्ग काढतील, असं कुणी म्हणेल. हा प्रयोग होऊन गेला आहे. दिल्लीत तिमारपूर इथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळून पावणेचार मेगावॉट वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. त्याची रचना किलोमागे १,४६२ किलोकॅलरी देणाऱ्या कचऱ्यासाठी होती. प्रत्यक्ष आलेला कचरा सहाशे-सातशे किलोकॅलरींचा निघाला. काही आठवड्यांच्या चाचणीतच प्रकल्प बंद पडला. यंत्रात दोष नव्हता. त्याला जो कचरा मिळणार असं गृहीत धरलं होतं, तो त्या शहरात नव्हताच.

कमी उष्मांकाचा धोका विजेपुरता थांबत नाही. धुरातली विषारी सेंद्रिय द्रव्यं पुरती जळावीत म्हणून वायू निदान ८५० अंश सेल्सिअसला दोन सेकंद राहायला हवेत, असा युरोपचा नियम आहे. ओला कचरा आत आला की तापमान घसरतं. मग ते वर आणायला डिझेल किंवा गॅसचे बर्नर लावावे लागतात. ज्या प्रकल्पाने इंधन वाचवायचं, तोच इंधन पिऊ लागतो. बर्नर लावले नाहीत तर डायॉक्सिनसारखी द्रव्यं शिल्लक राहतात. वायू हळू थंड झाला तर २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान ती नव्यानेही तयार होतात. त्यांना अडवायला धुरात सक्रिय कोळसा सोडावा लागतो आणि कापडी पिशव्यांचे गाळण संच सतत चालवावे लागतात. ही यंत्रणा चोख चालली तर धूर स्वच्छ ठेवता येतो, हे मी मान्य करते. पण ती महाग आहे, आणि उत्पन्न घटलं की पहिली काटकसर तिथेच होते, ही माझी खरी भीती आहे. शिवाय गाळण संचात अडकलेली उडती राख हा घातक कचरा असतो. तिच्यात जड धातू असतात आणि तिला वेगळी सुरक्षित भूमी लागते. डंपिंग ग्राउंडची गरज संपत नाही.

आता खर्च. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०१३ मध्ये वेगवेगळ्या वीजकेंद्रांच्या उभारणीचा खर्च मांडला. कचऱ्यावरच्या केंद्राला एका किलोवॅट क्षमतेमागे ८,३१२ डॉलर लागतात, असा तो अंदाज होता. अणुकेंद्रासाठी तोच आकडा ५,५३० होता. कचऱ्याचं इंधन फुकट असूनही हे वीजकेंद्र सगळ्यात महागड्यांपैकी एक आहे, कारण पैसा विजेच्या यंत्रापेक्षा जास्त कचरा हाताळण्यावर आणि धूर धुण्यावर जातो. म्हणून कोणताही असा प्रकल्प केवळ वीज विकून चालत नाही. नगरपालिकेला टनामागे शुल्क द्यावं लागतं.

त्याच करारात बहुधा आणखी एक कलम असतं: रोज ठरलेला इतका कचरा देऊ, कमी दिला तरी पैसे तेवढेच भरू. कर्जाचे हप्ते वीस-पंचवीस वर्षं फेडायचे असल्याने गुंतवणूकदाराला हे कलम हवंच असतं. शहराच्या दृष्टीने त्याचा अर्थ भयंकर आहे. नागरिकांनी कचरा कमी केला, कागद-प्लॅस्टिक पुनर्वापराला दिलं, तर शहराला दंड बसल्यासारखंच होतं. अमेरिकेतल्या हॅरिसबर्गने कचराभट्टीपायी तीस कोटी डॉलरहून जास्त कर्ज डोक्यावर घेतलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या नगर परिषदेने दिवाळखोरीचा अर्ज केला. न्यायालयाने तो फेटाळला, शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला आणि २०१३ मध्ये भट्टी विकावी लागली. जिथून तिमारपूरचं तंत्रज्ञान आलं, त्या डेन्मार्कमध्येही भट्ट्या जास्त आणि कचरा कमी अशी स्थिती आली. बाहेरून कचरा आणून त्या चालवल्या जात होत्या. जून २०२० मध्ये तिथे जाळण्याची क्षमता तीस टक्क्यांनी कमी करायचं ठरलं.

प्रस्तावाचे समर्थक यावर उत्तर देतील की आम्ही आधी ओला-सुका वेगळा करू आणि सुकाच जाळू. अगदी बरोबर, आणि इथेच त्यांचा प्रस्ताव अडकतो. आपला तोच एक टन वेगळा केला तर साडेपाचशे किलो ओला कचरा निघतो, अडीचशेच्या आसपास माती-राडारोडा, आणि सुका कचरा फक्त दोनशे किलो. त्या दोनशेतला सगळ्यात चांगला जळणारा माल म्हणजे कागद, पुठ्ठा आणि प्लॅस्टिक, ज्याला भंगार बाजारात किंमत आहे. तो काढून घेतला तर भट्टीला पुरेसा कचरा उरत नाही. काढला नाही तर कचरा वेचून जगणाऱ्यांचा माल आपण जाळतो. वेगळा केला नाही तर जळत नाही, वेगळा केला तर एवढी मोठी भट्टी लागत नाही.

मग करायचं काय? जे पाणी भट्टीत वैरी ठरतं, तेच बायोगॅसच्या टाकीत कामी येतं. तिथे जिवाणू हवेविना, पाण्यातच अन्न कुजवतात आणि वाफेवर काहीही उष्णता वाया जात नाही. एक टन अन्नकचऱ्यातून साधारण १०० घनमीटर बायोगॅस मिळतो. आपल्या साडेपाचशे किलोंतून ५५ घनमीटर. घनमीटरला सहा युनिट उष्णता धरली आणि इंजिनात तिचा सुमारे ३५ टक्के भाग विजेत उतरला, तर ११५ युनिट होतात. टाकीचा स्वतःचा वापर वजा जाता शंभर तरी उरतात. म्हणजे अख्खा टन जाळून जे १६० युनिट मिळणार होते, त्यातले साठ टक्क्यांहून अधिक नुसत्या ओल्या भागातून आले. वर खताची स्लरी मिळाली आणि कागद-प्लॅस्टिक शाबूत राहिलं.

बायोगॅसही रुसतो, हे सांगायला हवं. कचऱ्यात वाळू, काच, पिशव्या आल्या की ढवळणारे पाते आणि पंप अडतात. एकदम जास्त अन्न घातलं तर आम्ल वाढतं, मिथेन करणारे जिवाणू मंदावतात. सामू घसरतो आणि गॅसची ज्योत नीट पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायॉक्साइड वाढलेला असतो. अशा वेळी भरणं थांबवून टाकीला काही दिवस विश्रांती द्यावी लागते. पण ही चूक एका टाकीपुरती असते. छोट्या टाक्या प्रभागागणिक बांधता येतात, एक बिघडली तर बाकीच्या चालतात आणि कचऱ्याची वाहतूकही कमी होते. भट्टी बंद पडली तर सगळं शहर अडतं.

केरळातल्या अलप्पुळाने हा रस्ता घेतला. २०१२ मध्ये सर्वोदयपुरमच्या गावकऱ्यांनी शहराचा कचरा घेऊन येणाऱ्या गाड्या अडवल्या, तेव्हा नगरपालिकेने घराघरांत पाइप कंपोस्ट आणि छोट्या बायोगॅस टाक्यांना अनुदान दिलं, प्रभागांत हवेशीर खताच्या पेट्या बसवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०१७ मध्ये त्या शहराची दखल घेतली.

शेवटी थोडा कचरा उरतोच: थर चिकटवलेली पाकिटं, फाटके कपडे, मळकं प्लॅस्टिक. त्याचा उष्मांक चांगला असतो, पण तेवढ्यासाठी नवी भट्टी बांधायची गरज नाही. सिमेंटच्या भट्टीत आतला माल १,४५० अंशांपर्यंत तापतो आणि जळालेल्याची राख सिमेंटच्या खड्यात मुरून जाते. नगरपालिकेने तो सुकवून, गठ्ठे बांधून तिथे द्यावा. वाहतुकीचा खर्च पडेल, पण तो पंचवीस वर्षांचा हप्ता नसेल.

प्रस्ताव मांडणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे. या शहराच्या कचऱ्याचा उष्मांक बाराही महिने, पावसाळ्यासकट, मोजून त्याचा तक्ता सभागृहापुढे ठेवा. सोबत त्या कराराचा मसुदा आणा, ज्यात रोज किती टन द्यायचे आणि कमी पडले तर किती भरायचे हे लिहिलेलं आहे. तोवर मी या प्रस्तावाच्या विरोधात मत मागते.