लाचखोर कर्मचाऱ्यावर खटल्याची मंजुरी नाकारली, तर पुढे काय?

सापळा यशस्वी झाला, नोटांची पावडर बोटांना लागलेली सापडली, पंचनामा झाला, तरी विशेष न्यायालय लगेच खटला दाखल करून घेऊ शकत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम १९ नुसार आधी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर हे संरक्षण निवृत्त कर्मचाऱ्यालाही मिळते, कृत्य नोकरीत असताना केलेले असेल तर.

सक्षम अधिकारी म्हणजे त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढू शकणारा. पदनामावरून अंदाज बांधू नका, नियुक्ती आदेशावर सही कोणाची आहे ते पाहा, कारण नियुक्ती करणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी बडतर्फ करू शकत नाही. बदली झाली असेल तर गुन्ह्याच्या वेळी जो सक्षम होता तोच धरायचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नागपुरातल्या एका कार्यालयातला लिपिक २,००० रुपये घेताना पकडला गेला. तक्रारदाराने १०६४ वर कळवले होते. तपास संपल्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, म्हणजे एसीबी, प्रस्ताव पाठवते. त्यात मूळ तक्रार, एफआयआर, लाचमागणी पडताळणीचा आणि सापळ्याचा पंचनामा, संभाषणाची लेखी प्रत, रासायनिक तपासणी अहवाल, साक्षीदारांचे जबाब आणि लिपिकाचा सेवा तपशील हवा. आरोपीच्या बाजूचे कागदही दडवून चालत नाहीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयच्या एका प्रकरणात संपूर्ण अभिलेख पाठवायला हवा असे बजावले आहे. नुसता तपासाचा गोषवारा पाठवला, तर तीच फट बचाव पक्ष पुढे उघडतो.

एसीबीकडे न जाता स्वतः तक्रार करायची असेल, तर थेट मंजुरी मागता येत नाही. आधी विशेष न्यायालयात तक्रार दाखल हवी, ती फेटाळलेली नसावी आणि मंजुरी घेऊन या असा न्यायालयाचा आदेश हवा. अर्जासोबत त्या आदेशाची प्रत जोडा. अशा अर्जावर निर्णयाआधी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकावेच लागते.

आपल्या उदाहरणात प्रस्ताव २ फेब्रुवारीला पोहोचला. निर्णयाला तीन महिने, म्हणजे २ मेपर्यंत. कायदेशीर सल्ला घ्यायचा असेल तर कारण लेखी नोंदवून आणखी एक महिना. ही मुदत बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये विजय राजमोहन प्रकरणात म्हटले. पण मुदत उलटली म्हणून मंजुरी मिळाली असे मानले जात नाही आणि खटलाही त्या कारणाने रद्द होत नाही. दिरंगाईची जबाबदारी अधिकाऱ्यावर येते, इतकेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांनंतर मंजुरी गृहीत धरली जाते. तो नियम लाचेच्या मंजुरीला लावण्याची गल्लत वारंवार होते.

समजा, २० मे रोजी आदेश आला: "रक्कम किरकोळ आहे, सेवा निष्कलंक आहे, मंजुरी नाकारण्यात येते." पंचनामा, आवाज, रासायनिक अहवाल यांवर अवाक्षर नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिकेने याला आव्हान देता येते. याचिकेत प्रस्तावातला कोणता पुरावा आदेशात बघितलेलाच नाही, हे पानांसह दाखवा. लिपिक दोषी आहे हे पटवत बसू नका, तो प्रश्न तिथे नाही.

न्यायालय तरीही "मंजुरी द्या" असा हुकूम देत नाही. १९९७ च्या मनसुखलाल विठ्ठलदास चौहान प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने मंजुरी देणाऱ्या सचिवांना तसा आदेश दिला होता. सचिवांपुढे नकाराचा पर्यायच उरला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी अवैध ठरवली. त्यामुळे खंडपीठाकडे मागणी अशी हवी: नकार रद्द करा, सर्व कागद पाहून ठरावीक मुदतीत नव्याने निर्णय घ्यायला सांगा. न्यायालयात न जाता त्याच कागदांवर अधिकाऱ्याचे मन वळवून मंजुरी मिळवली, तर ती टिकत नाही. निशांत सरीन प्रकरणात, २०१० मध्ये, नवीन पुरावा असल्याशिवाय नकार फिरवता येत नाही असे ठरले.

मंजुरी मिळाली की आक्षेप आरोपीकडून येतो. मंजुरीच नाही किंवा अधिकारी सक्षम नाही, हा मुद्दा सुरुवातीलाच मांडावा. कलम १९(४) नुसार आक्षेप आधी घेता आला असता का, हे वरचे न्यायालय पाहते. अधिकाऱ्याने विचारच केला नाही, हा आक्षेप साधारणपणे साक्षीपुराव्यात तपासला जातो. मंजुरी देणाऱ्याला साक्षीला बोलावतात आणि वकील विचारतात: पंचनामा वाचला का? संभाषणाची प्रत पाहिली का? एसीबीने मसुदा पाठवला होता, एवढ्याने काही बिघडत नाही, पण साहेबांनी न वाचता सही केल्याचे उलटतपासणीत निघाले की मंजुरी डळमळते. पुरावा पुरेसा आहे का, हे मात्र या टप्प्यावर न्यायालय मोजत नाही. प्रथमदर्शनी समाधान झाले होते, इतके दिसले की पुरे.

मंजुरी अवैध ठरली तरी लिपिक निर्दोष सुटत नाही. नंजप्पा प्रकरणानुसार, २०१५, खटल्याचे न्यायालय त्याला तूर्त मोकळे करते आणि वैध मंजुरी घेऊन खटला पुन्हा उभा करता येतो. शिक्षा झाल्यानंतर अपिलात हाच दोष काढला, तर त्यामुळे न्याय खरोखर हुकला हे दाखवावे लागते, नाहीतर शिक्षा कायम राहते.