सरासरी की पहिली खरेदी आधी: नफा बदलतो का?

“टप्प्याटप्प्याने शेअर विकताना सरासरी किमतीऐवजी पहिली खरेदी आधी धरली की नफा जास्त होतो, हे खरे का?”

नाही, एकूण नफा तोच राहतो, फक्त तो कोणत्या विक्रीच्या नावावर पडतो एवढेच बदलते. समजा, 100 शेअर 200 च्या दराने आणि नंतर आणखी 100 शेअर 260 ने घेतले, म्हणजे सरासरी 230 झाली. त्यातले 100 शेअर 250 ने विकले, तर पहिली खरेदी आधी धरल्यास नफा 5,000 दिसतो आणि सरासरीने 2,000. हाच फरक पाहून हा गैरसमज रुजला असावा. परंतु पहिल्या हिशेबात उरलेल्या शेअरची किंमत 260 राहते, दुसऱ्यात 230. त्यामुळे ते 240 ने विकताच एकीकडे 2,000 चा तोटा आणि दुसरीकडे 1,000 चा नफा होऊन दोन्हींकडे बेरीज 3,000 च येते.

खरी चूक होते ती पद्धत मध्येच बदलल्याने. पहिल्या विक्रीचा नफा 5,000 लिहून उरलेल्या शेअरची किंमत मात्र सरासरीची 230 धरली, तर एकूण 6,000 दिसतात, आणि त्यातले 3,000 कधी मिळालेलेच नसतात. ही चूक पकडायची तर सगळे शेअर विकून झाल्यावर एकूण विक्रीतून एकूण खरेदी वजा करावी: 49,000 वजा 46,000. दलाली व इतर खर्च यात धरलेला नाही.

करासाठी मात्र पद्धत नियमच ठरवतात, आणि दोन विक्री वेगवेगळ्या वर्षांत पडल्या तर हा फरक त्या-त्या वर्षाच्या करात खरोखर उतरतो.