कॅबिनेट कार्ड की फोटो पोस्टकार्ड?

जुन्या अल्बमात दोन्ही शेजारी शेजारी असतात, दोन्ही तपकिरी, दोन्हींत माणसं ताठ उभी. पण या दोन वेगळ्या काळातल्या वस्तू आहेत, आणि फरक चित्रात नाही, कडेला आहे.

भिंग घेऊन कड पाहा. कॅबिनेट कार्डात पातळ छायाचित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं असतं, त्यामुळे कडेला दोन थर दिसतात. माप साधारण 108 × 165 मिमी. ही पद्धत 1866च्या सुमाराची. पुढे पुठ्ठा जाड होत गेला, 1880 नंतर गडद हिरवे, मरून पुठ्ठे, तिरकी कापलेली सोनेरी कड आणि पाठीवर स्टुडिओच्या नावाची नक्षीदार छपाई सर्रास दिसते. फोटो पोस्टकार्डात मात्र छायाचित्र कार्डाच्या कागदावरच उमटलेलं असतं. एकच थर, माप सुमारे 88 × 138 मिमी.

पोस्टकार्डाची पाठ जास्त बोलकी. मधोमध उभी रेघ असेल, तर डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता. ब्रिटनने ही मुभा 1902 मध्ये दिली, अमेरिकेने 1907 मध्ये. तिकिटाच्या चौकटीत AZO हे फोटोच्या कागदाचं नाव आणि कोपऱ्यांत चार त्रिकोण, चारही टोकं वर, असं असेल तर कागद साधारण 1904 ते 1918चा. दोन वर, दोन खाली असतील तर 1918 ते 1930चा. ही तारीख कागदाची. स्टुडिओत जुना साठा वर्षानुवर्षं वापरला जाई, म्हणून तिला ‘याच्या आधी नाही’ एवढंच मानावं.

कपड्यांचं उलट, त्यांवरून ‘याच्या फार नंतर नाही’ एवढं कळतं. खांद्यावर फुगलेली, कोपराखाली घट्ट बाही ही युरोपात 1895च्या आसपास सर्वांत मोठी होती. मग ती झपाट्याने लहान झाली. मुंबईतल्या पारशी आणि इतर शहरी घरांतल्या पोलक्यांवरही तिची छाप दिसते. नऊवारी किंवा पगडीवरून मात्र दशक ठरवू नये, त्या फार हळू बदलल्या. अंदाज घ्यायचा तो फोटोतल्या सर्वांत तरुण बाईच्या पोलक्यावरून. आजीबाई वीस वर्षांपूर्वीचंच घालून बसलेल्या असू शकतात.

आता समजा, बाही 1895ची आहे, पण पाठीवर दुभागणी आणि दोन वर, दोन खाली असे त्रिकोण. कपडे आणि कागद यांत वीसेक वर्षांचं अंतर. साठा जुना होता, हा खुलासा इथे चालत नाही. कागद कपड्यांपेक्षा नवा आहे. मग बहुधा हा मूळ फोटो नाही: जुन्या कॅबिनेट कार्डाचा फोटो काढून पोस्टकार्डावर छापलेली प्रत आहे. खूण अशी, की डोळ्यांच्या पापण्या, साडीचे काठ पुसट, काळा-पांढरा फरक भडक, आणि पुष्कळदा मूळ पुठ्ठ्याची कड किंवा त्यावरचे ओरखडेही चित्रातच उमटलेले. हात फिरवला तर ओरखडा लागत नाही, कारण तो छापलेला आहे. अशा कार्डावर दोन तारखा लिहाव्यात: माणसांची वेगळी, कार्डाची वेगळी.