पितृतर्पण: जानव्याची बाजू आणि पाण्याची वाट

आमच्याकडून काळे तीळ, दर्भ आणि ताम्हण-पळीपंचपात्री नेणारे सोलापुरातील अनेक ग्राहक दरवर्षी पितृपक्षात एकच शंका विचारतात, ती म्हणजे जानवे नेमके कोणत्या खांद्यावर असावे. घरी तर्पण करणाऱ्यांसाठी त्याची माहिती येथे देत आहोत.

नेहमी जानवे डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीत उतरते, त्यास सव्य म्हणतात. पितृतर्पणासाठी ते उजव्या खांद्यावर घेऊन डाव्या काखेखालून न्यावयाचे असते; हे अपसव्य. जानवे नसल्यास उपरणे याच रीतीने घ्यावे. (सोलापुरी टॉवेल कितीही चांगला असला, तरी जाड असल्याने तो खांद्यावरून घसरतो, पातळ सुती उपरणे सोयीचे.)

मागील वर्षी एका ग्राहकाने मोबाईलवरील चित्रफीत पाहून तर्पण केले. समोरचे गुरुजी ज्या बाजूस जानवे घेत होते, त्याच बाजूस यांनीही घेतले. परंतु समोरच्या माणसाचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताकडे दिसतो, त्यामुळे यांचे जानवे शेवटपर्यंत सव्यच राहिले. यावर सोपा उपाय असा की, डावा हात वर करून पाहावा: जानवे त्या काखेखालून गेलेले दिसले, तरच अपसव्य झाले.

दक्षिणेकडे तोंड करून डावा गुडघा जमिनीस टेकवावा. ते न जमल्यास मांडी घालून बसण्याची चालही अनेक घरांत आहे. उजव्या अनामिकेत दर्भाचे पवित्रक घालावे. तळहातावर चिमूटभर काळे तीळ घ्यावेत (स्वयंपाकघरातील भाजलेले नकोत), डाव्या हाताने पळीने पाणी सोडावे आणि हात उजवीकडे कलवून अंगठा व तर्जनी यांच्या मधून, म्हणजे पितृतीर्थाने, ते ताम्हणात पडू द्यावे. ताम्हण अगदी समोर ठेवल्यास हात नकळत पुढे झुकतो आणि पाणी बोटांच्या टोकांवरून जाते; ते देवतीर्थ होय. बोटांच्या टोकांना तीळ चिकटलेले दिसले, तर हीच चूक झाली आहे असे समजावे आणि ताम्हण थोडे उजवीकडे सरकवावे.

वडील, आजोबा व पणजोबा यांना प्रत्येकी 3 याप्रमाणे 9 वेळा पाणी द्यावे. प्रत्येक वेळी नाव व गोत्र उच्चारून, वडिलांना वसुरूप, आजोबांना रुद्ररूप आणि पणजोबांना आदित्यरूप म्हणावे. घाईत तिघांनाही ‘वसुरूप’ म्हटले जाते, म्हणून नावे आधीच कागदावर क्रमाने लिहून ठेवावीत. ज्यांचे वडील हयात आहेत, त्यांचा विधी वेगळा असल्याने त्यांनी आपल्या गुरुजींना विचारावे.

शेवटचे पाणी सोडल्यावर जानवे पुन्हा सव्य करावे आणि त्यानंतरच आचमन करावे. अनेक जण अपसव्यानेच उठून देवघरात जातात.