नळी कोपऱ्यापर्यंत जातच नाही

हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या मॉडेलमध्ये व्हॉल्व्हपासून सिलिंडरच्या फिटिंगपर्यंत नळी दाखवायची असते, तेव्हा सुरुवात साध्या रेषांनी होते. इथून वर, मग पुढे, मग जरा डावीकडे, मग पुन्हा पुढे. जिथे दोन रेषा मिळतात तिथे कोपरा, आणि कोपऱ्याला गोलाई. स्क्रीनवर नळी तयार होते. वर्कशॉपमध्ये मात्र तीच नळी कधी वाकवता येत नाही, कधी वाकते पण बसत नाही. दोन्हींचं मूळ बहुतेकदा एकाच गोष्टीत असतं. नळी कोपऱ्यापर्यंत जातच नाही. ती कोपरा यायच्या आधीच वळायला लागते आणि कोपरा संपल्यावर सरळ होते.

किती आधी, याचं सूत्र छोटं आहे.

```
T = R × tan(θ/2)
```

इथे R म्हणजे नळीच्या मध्यरेषेची बेंड त्रिज्या, θ म्हणजे नळी जितकी वळते तो कोन, आणि T म्हणजे कोपऱ्याच्या प्रत्येक बाजूला वळणाने खाल्लेली लांबी. ९० अंशांना T आणि R सारखेच. ४५ अंशांना T जेमतेम R च्या ०.४१ पट. १२० अंशांना मात्र १.७३ पट, आणि १५० अंशांना ३.७ पट. १८० अंशांच्या यू-वळणाला कोपराच उरत नाही, कारण समांतर रेषा कुठे मिळतच नाहीत. म्हणून असा यू नेहमी ९० अंशांच्या दोन वळणांत मोडून काढतात.

आता एक नळी शेवटपर्यंत सोडवू. बाहेरचा व्यास १२ मिमी, भिंत १.५ मिमी, स्टीलची. वर्कशॉपमध्ये या मापाची जी डाय आहे तिची मध्यरेषेची त्रिज्या ३० मिमी, म्हणजे व्यासाच्या अडीच पट. हा आकडा डिझायनरने मनाने ठरवायचा नसतो. मॉडेलमध्ये एका बेंडला ३० आणि दुसऱ्याला ३५ देता येतं, सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. पण मशीनवर एका नळीसाठी सहसा एकच डाय चढलेली असते. त्रिज्या हवी तेवढी लहानही करता येत नाही. ३० च्या त्रिज्येवर नळीची बाहेरची कड ३६ वर आणि आतली कड २४ वर असते. म्हणजे बाहेरची बाजू साधारण वीस टक्के ताणली जाते आणि तिथली भिंत दीडवरून सव्वा मिलिमीटरच्या आसपास येते. आतली बाजू तेवढीच दाबली जाते. त्रिज्या याहून कमी केली तर बाहेर भिंत आणखी पातळ होते, आत सुरकुत्या पडतात आणि गोल नळी चपटी व्हायला लागते.

(पाइप आणि ट्यूब यांतही गल्लत होते. ट्यूबचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, पाइपचं नाममात्र. एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिमी भरतो. पाइप २५ मिमीचा धरून मोकळी जागा मोजली, तर ती दोन्ही बाजूंना मिळून आठ मिलिमीटरने चुकते.)

आपली नळी व्हॉल्व्हवरून सरळ वर निघते. तिथून ९० अंशांत पुढे वळते. वाटेत उजवीकडून एक ब्लॉक आडवा येतो, तिच्या मूळ मध्यरेषेच्या ३४ मिमी पलीकडे घुसलेला. नळी आणि स्थिर भाग यांत १० मिमी मोकळी जागा ठेवायची, असा या यंत्रापुरता नियम धरू. हलणाऱ्या भागाजवळ याहून बरीच जास्त लागते. नळीची स्वतःची अर्धी जाडी ६ मिमी. ३४, १० आणि ६ मिळून ५०. म्हणजे नळीला ५० मिमी डावीकडे सरकून पुन्हा पुढे जायचं आहे.

सर्वांत पहिला मोह ९० अंशांच्या दोन बेंडचा. दोन कोपऱ्यांत अंतर ५०, आणि प्रत्येक बेंड ३० खाणार. ५० वजा ६० म्हणजे उणे १०. ही नळी अस्तित्वातच येऊ शकत नाही. सॉफ्टवेअर इथे गोलाई द्यायला नकार देतं. बरेच जण मग त्रिज्या २५ किंवा २० करून बघतात आणि लाल रंग गेला की पुढे जातात. स्क्रीनवरची चूक गेली, पण वर्कशॉपमध्ये तशी डाय नाही.

६० अंशांत वळवून पाहू. तिरकी लांबी ५० भागिले sin 60°, म्हणजे ५७.७ मिमी. दोन्ही बेंड मिळून ३४.६ खातात, मध्ये २३.१ मिमी सरळ उरते. चित्रात हे छान दिसतं, सॉफ्टवेअरही खूश. पण बेंडिंग मशीनला दुसरा बेंड करताना पहिल्या बेंडनंतरचा सरळ तुकडा क्लॅम्प जबड्यात घट्ट धरावा लागतो. त्यासाठी साधारण व्यासाच्या दोन ते तीन पट सरळ लांबी लागते. आपल्या डायचा जबडा ३० मिमीचा धरू. २३ मिमीवर तो बसला, तर त्याचा एक भाग आधीच्या वळणावर येणार. मग नळी जबड्यात सरकते, बेंड कमी पडतो किंवा आधीचा बेंड चेपला जातो. बेंडलगत जबड्याचे ओरखडे आणि आतल्या बाजूला सुरकुती दिसली की आधी मधली सरळ लांबी तपासावी. वळणाच्या आकाराचा खास जबडा करून घेता येतो, पण एका नळीसाठी तो खर्च कोण करणार?

४५ अंशांत तिरकी लांबी ७०.७. दोन्ही बेंड २४.९ खातात, मध्ये ४५.९ उरते. जबडा आरामात बसतो.

मग ३० अंश का नकोत? मध्ये तब्बल ८४ मिमी सरळ मिळते की! पण नळी जितकी कमी वळते तितकं सरकणं लांबतं. ब्लॉकआधी तिने सरकून झालेलं असायला हवं, म्हणून वळण मागे ढकलावं लागतं. आपल्या यंत्रात मागे, व्हॉल्व्हपासून १३० मिमीपर्यंत, डावीकडे एक ब्रॅकेट आहे, मध्यरेषेपासून १८ मिमीवर. ३० अंशांची नळी त्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यापासून जेमतेम सव्वा मिलिमीटरवरून जाते. पंप सुरू झाला की तिथे घासण्याचा आवाज येणार आणि काही दिवसांनी नळीवर चकचकीत चट्टा पडणार. ४५ अंशांची नळी ब्रॅकेट संपल्यावरच वळायला लागते, त्यामुळे तिथे १२ मिमी मोकळे राहतात. वरून जबडा आणि खालून ब्रॅकेट अशा चिमटीत कोन ठरतो.

मोकळी जागा मोजताना आणखी एक फसगत होते. गोलाई द्यायच्या आधी, नुसत्या रेषांवरून अंतर मोजलं तर नळी आहे त्यापेक्षा कोपऱ्यात खोलवर गेलेली वाटते. खरी नळी कोपऱ्याच्या आतून जाते. ३० च्या त्रिज्येला ९० अंशांच्या बेंडमध्ये हा फरक १२.४ मिमी आहे, ४५ अंशांत अडीच. आपल्या दुसऱ्या ४५ च्या बेंडला नळी ब्लॉकच्याच बाजूला झुकते. म्हणून ब्लॉकची कड तो बेंड संपल्यानंतर सुरू होते का, हे पाहायलाच हवं.

आता कोपऱ्यांचे बिंदू पक्के करू. व्हॉल्व्हवरचं तोंड शून्यावर. वर १००, पुढे १५०, मग तिरकं ७०.७१, शेवटी पुढे १२०. या रेषांची बेरीज ४४०.७ मिमी. पण नळी त्या मापाने कापायची नाही. प्रत्येक रेषेतून बेंडने खाल्लेली लांबी वजा केली की सरळ तुकडे उरतात ७०, १०७.५७, ४५.८६ आणि १०७.५७. बेंडच्या कमानी ४७.१२, २३.५६ आणि २३.५६. सगळं मिळून ४२५.२ मिमी. हा फरक साडेपंधरा मिलिमीटरचा आहे. मशीनवर तीच नळी अशी उतरते.

```
Y  70.00   B    0   C 90
Y 107.57   B   90   C 45
Y  45.86   B  180   C 45
```

Y म्हणजे किती सरळ पुढे ढकलायची, B म्हणजे नळी स्वतःभोवती किती फिरवायची, C म्हणजे किती वाकवायची. शेवटच्या बेंडनंतर १०७.५७ सरळ उरते. शेवटचा B १८० आहे, कारण दुसरा ४५ पहिल्याच्या बरोबर उलट दिशेला जातो. मधल्या ९० चं चिन्ह उलटलं तर नळी सगळीकडे मापात भरते, पण डावीकडे सरकायच्या ऐवजी उजवीकडे ब्लॉकमध्ये शिरते. फिरवण्याची दिशा प्रत्येक मशीनची वेगळी असू शकते. म्हणून वर्कशॉपला कोनांबरोबर कोपऱ्यांचे बिंदूही द्यावेत आणि पहिली नळी मॉडेलशी ताडून पाहावी.

स्टील वाकवून सोडलं की थोडं परत उघडतं. ९० अंश हवे असतील तर मशीन दोन-तीन अंश जास्त वाकवतं. ही भरपाई मॉडेलमध्ये करायची नाही. मॉडेलमध्ये तयार नळीचेच कोन असावेत, नाहीतर भरपाई दोनदा होते. आपल्या पहिल्याच बेंडमध्ये एक अंशाची चूक झाली, तर दुसरं टोक साडेपाच मिलिमीटर वर किंवा खाली जातं.

टोकांची सरळ लांबी वेगळी तपासावी लागते. २४ अंशांच्या कोनाच्या कटिंग रिंग फिटिंगमध्ये नट आणि रिंग नळीवर सरकवतात. नट मागे घेण्याइतकी आणि रिंग सरळ भागावरच चावेल इतकी जागा लागते, साधारण नटाच्या उंचीच्या दुप्पट. नेमका आकडा फिटिंगच्या कॅटलॉगमधून घ्यावा. आपल्याकडे ७० आणि १०७ आहेत, काळजी नाही. या नळीचा नट २२ च्या पान्याचा, म्हणजे कोपऱ्यांवर पंचवीस मिलिमीटरच्या वर. शेजारच्या दोन नळ्या ३० मिमीच्या अंतरावर ठेवल्या तर नट मावतात, पण पाना फिरत नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये नटाबरोबर पान्यालाही जागा ठेवावी.

शेवटचा प्रश्न नळी बसवण्याचा. या फिटिंगमध्ये नळीचं टोक सहा-सात मिलिमीटर आत शिरतं. आपलं एक टोक उभं, दुसरं आडवं. एक आत घातलं की दुसरं आपल्या अक्षावर मागे येऊ शकत नाही. त्यामुळे एक फिटिंग आधी ढिली ठेवून नळीबरोबरच बसवावी लागते, किंवा टोक आत न शिरणारी, सपाट तोंडाची ओ-रिंग फिटिंग निवडावी लागते. तसं केलं नाही तर जोडणारा माणूस नळी ओढून बसवतो. नट आवळण्याआधी दोन्ही टोकं आपसूक जागेवर बसायला हवीत. ओढून बसवलेली नळी चाचणीत बहुधा कोरडी निघते आणि नंतर नटाजवळ पाझरू लागते.