सेंद्रिय संयुगांचे पद्धतशीर नामकरण: मुख्य साखळी आणि कार्बनचे क्रमांक

कार्बनी संयुगाच्या रेणूची रचना पाहून त्याला ठराविक नियमांनी एकच नाव देण्याची, आणि त्या नावावरून तोच रेणू पुन्हा कागदावर उभा करता येण्याची रीत म्हणजे पद्धतशीर नामकरण. आज जगभर चालणारे नियम ‘इंटरनॅशनल युनियन ऑफ प्युअर अँड अप्लाइड केमिस्ट्री’ म्हणजे आययूपॅक ही संस्था ठरवते. तिची स्थापना 1919 मधली, पण या रीतीचा पाया त्याआधी 1892 साली जिनिव्हात घातला गेला. तिथे जमलेल्या युरोपीय रसायनशास्त्रज्ञांनी सर्वांत लांब कार्बन साखळीला नावाचा कणा मानायचे ठरवले.

त्यापूर्वीची नावे पदार्थ कुठे सापडला किंवा कसा दिसला यावरून पडत. फॉर्मिक आम्लाला मुंगीच्या लॅटिन नावावरून नाव मिळाले ते असेच. संयुगे मोजकी होती तोवर हे चालले. पण सात कार्बनच्या अल्केनचेच, म्हणजे फक्त एकेरी बंध असलेल्या C7H16 चे, 9 संरचना समघटक, म्हणजे त्याच अणूंच्या वेगवेगळ्या जोडण्या, होतात, दहा कार्बनचे 75, आणि वीस कार्बनचे तीन लाखांहून अधिक. इतक्यांना सुटी नावे ठेवणे आणि ती लक्षात ठेवणे कोणालाच शक्य नव्हते.

साध्या अल्केनच्या नावाची घडण सोपी आहे. मुख्य साखळीत किती कार्बन आहेत ते जनक नाव सांगते: मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन, आणि पुढे पेंटेन, हेक्झेन, हेप्टेन. साखळीला फुटलेल्या फांद्या उपसर्ग म्हणून आधी येतात. एका कार्बनची फांदी मिथाइल, दोनची इथाइल, तीनची प्रोपाइल. प्रत्येक फांदीपुढे ती कितव्या कार्बनवर आहे तो आकडा लिहायचा. घडण कळायला पाच मिनिटे पुरतात. चुका होतात त्या साखळी निवडताना आणि आकडे घालताना, म्हणून या नोंदीचा भर त्या दोन पायऱ्यांवर आहे.

लांब साखळी सरळच असते असे नाही

पुढची रचना पाहा.

```
CH3–CH–CH2–CH2–CH3
    |
    CH2
    |
    CH3
```

डोळा आपोआप आडव्या ओळीवर जातो. तिथे पाच कार्बन, दुसऱ्यावर दोन कार्बनची फांदी, म्हणून ‘2-इथाइलपेंटेन’ असे उत्तर पुष्कळ वेळा लिहिले जाते. या नावाचा पदार्थ नाही. खालच्या CH3 पासून निघा, वर चढा, वळणावर उजवीकडे वळा आणि टोकापर्यंत मोजा: सहा कार्बन भरतात. मुख्य साखळी ती. डावीकडचा CH3 हीच फांदी ठरते आणि खरे नाव होते 3-मिथाइलहेक्झेन. कागदावरचे वळण रेणूला ठाऊक नसते. एकेरी बंधाभोवती अणू फिरत असतात, त्यामुळे आडवी ओळ आणि उभी ओळ हा भेद फक्त आपल्या चित्रातला आहे.

ही चूक कार्बन मोजून सापडत नाही. पेंटेनचे पाच आणि इथाइलचे दोन मिळून सातच होतात, सूत्रही C7H16 असेच येते. तिच्यासाठी दुसरी तपासणी लागते, आणि ती तयार झालेल्या नावावरच करता येते. फांदी n क्रमांकाच्या कार्बनवर असेल तर त्या बाजूला साखळीचे n−1 कार्बन उरतात. फांदीची लांबी त्याहून जास्त असेल, तर साखळी फांदीकडूनच जायला हवी होती. म्हणून दुसऱ्या कार्बनवर इथाइल दिसले, किंवा तिसऱ्यावर प्रोपाइल, की नाव तिथेच थांबवून साखळी पुन्हा शोधावी. ‘3-प्रोपाइलहेक्झेन’ असे लिहिले गेले असेल तर तो पदार्थ खरे तर 4-इथाइलहेप्टेन असतो. हीच तपासणी साखळीच्या दुसऱ्या टोकाकडूनही करायची.

सारख्याच लांबीच्या दोन साखळ्या निघाल्या तर जिला जास्त फांद्या आहेत ती घ्यायची. CH3–CH(CH3)–CH(C2H5)–CH2–CH2–CH3 या रेणूत सहा कार्बनची साखळी दोन प्रकारे मोजता येते. एका वाटेने गेले तर तिसऱ्या कार्बनवर स्वतःच दुभंगलेली तीन कार्बनची एक फांदी राहते. दुसऱ्या वाटेने एक मिथाइल आणि एक इथाइल अशा दोन साध्या फांद्या मिळतात. नियमाने दुसरी वाट घ्यायची, आणि नाव होते 3-इथाइल-2-मिथाइलहेक्झेन. नियमामागचे शहाणपण इथे लगेच कळते: फांद्या जितक्या जास्त, तितक्या त्या लहान आणि सोप्या, त्यामुळे नाव कमी गुंतते.

आकडे कुठून घालायचे

साखळीला दोन टोके, म्हणून क्रमांक घालण्याच्या दिशाही दोन. फांद्यांना लहान आकडे मिळतील ती दिशा बरोबर, हे सर्वांना पाठ असते. मात्र ‘लहान’ म्हणजे काय, याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: आकड्यांची बेरीज करायची आणि जी कमी ती दिशा घ्यायची. नियमात बेरीज कुठेच नाही. दोन्ही दिशांचे आकडे चढत्या क्रमाने लिहून एकेक जोडी ताडून पाहायची, आणि जिथे पहिला फरक पडेल तिथे ज्या दिशेचा आकडा लहान ती दिशा जिंकते. शब्दकोशात दोन शब्दांपैकी आधी कोणता हे आपण पहिल्या वेगळ्या अक्षरावर ठरवतो, अगदी तसेच.

बहुतेक वेळा बेरजेनेही तेच उत्तर येते, त्यामुळे गैरसमज टिकून राहतो. पण दहा कार्बनची साखळी घ्या आणि तिला तीन मिथाइल अशा लावा की एका टोकाकडून आकडे 2, 7, 8 येतील. दुसऱ्या टोकाकडून तेच 3, 4, 9 होतात. पहिल्या संचाची बेरीज 17, दुसऱ्याची 16. बेरजेवर गेलो तर 3,4,9 निवडू. नियमाने मात्र पहिलीच जोडी 2 आणि 3 अशी आहे, 2 लहान, आणि पुढचे काही पाहायची गरजच उरत नाही. बरोबर नाव 2,7,8-ट्रायमिथाइलडेकेन.

एकाच कार्बनवर दोन फांद्या असतील तर आकडा दोनदा लिहितात. इंधनाच्या ऑक्टेन मापनात ज्याला 100 अंक दिला आहे, ते 2,2,4-ट्रायमिथाइलपेंटेन असे लिहितात. उलट दिशेने 2,4,4 आले असते, आणि दुसऱ्याच जोडीत 2 ने 4 वर मात केली. या पदार्थाचे रोजच्या वापरातले नाव आयसोऑक्टेन आहे, आणि जुन्या रीतीने पाहिले तर ते नाव त्याला शोभतच नाही. टोकाच्या लगतच्या कार्बनवर एकच मिथाइल, बाकी साखळी सरळ, अशा रचनेला ‘आयसो’ म्हणत. त्या हिशेबाने आयसोऑक्टेन म्हणजे 2-मिथाइलहेप्टेन व्हायला हवे होते. आकडे घातलेल्या नावात असा घोळ होत नाही.

दोन्ही दिशांनी संच अगदी सारखाच येत असेल, तेव्हा कुठे फांद्यांच्या नावांचा अकारविल्हे क्रम विचारात घ्यायचा, आणि आधी येणाऱ्या फांदीला लहान आकडा द्यायचा. सात कार्बनच्या साखळीत तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर एक इथाइल व एक मिथाइल असेल, तर नाव 3-इथाइल-5-मिथाइलहेप्टेन. हा क्रम रोमन अक्षरांचा आहे, देवनागरीचा नव्हे, आणि मराठीतून शिकणाऱ्याने हे जपायला हवे. देवनागरीत क हा ब च्या आधी येतो, पण रोमन लिपीत ब्रोमोचे b हे क्लोरोच्या c च्या आधी, म्हणून बरोबर नाव 1-ब्रोमो-2-क्लोरोइथेन. ‘डाय’, ‘ट्राय’ हे संख्यादर्शक भाग या क्रमात मोजत नाहीत. त्यामुळे 3-इथाइल-2,2-डायमिथाइलपेंटेन या नावात इथाइल आधी आले, कारण तुलना e आणि m यांची आहे, d ची नाही.

क्रियात्मक गट आला की

वरचे सगळे अल्केनपुरते. रेणूत –OH किंवा C=O असा प्रत्ययाने दाखवायचा क्रियात्मक गट असेल, तर साखळीची लांबी दुय्यम ठरते; आधी तो गट साखळीत हवा. प्लॅस्टिक मऊ करणारी द्रव्ये बनवायला वापरतात त्या HOCH2–CH(C2H5)–CH2–CH2–CH2–CH3 या अल्कोहोलात सात कार्बनची वाट मिळते, पण ती –OH धरणाऱ्या कार्बनला बाजूला टाकते. म्हणून –OH सह जाणारी सहाची साखळी घेतात: 2-इथाइलहेक्झेन-1-ऑल. क्रमांकातही पहिला मान गटाचाच. CH3–CO–CH2–CH(CH3)–CH3 या द्रावकात दोन्हीकडून आकडे 2 आणि 4 येतात, पण 2 हा C=O ला मिळतो, म्हणून 4-मिथाइलपेंटेन-2-ओन.

दुहेरी बंधाबाबत मात्र नियम बदलला आहे. CH2=C(C2H5)–CH2–CH2–CH3 ला अनेक पाठ्यपुस्तके 2-इथाइलपेंट-1-ईन म्हणतात, कारण जुन्या नियमाने दुहेरी बंध साखळीत घेणे सक्तीचे होते. 2013 च्या शिफारशींत लांबी आधी, दुहेरी बंध नंतर असा क्रम आहे. त्यानुसार सहा कार्बनची साखळी जनक ठरते, CH2= ही दुहेरी बंधाने जोडलेली फांदी, आणि पसंतीचे नाव 3-मिथिलिडीनहेक्झेन. परीक्षा देणाऱ्याने आपला अभ्यासक्रम कोणता नियम मानतो ते पाहूनच उत्तर लिहावे.

साखळी आणि आकडे बरोबर आले, तरी काही नावे दोन वेगळ्या रेणूंना लागू पडतात. सुरुवातीच्या 3-मिथाइलहेक्झेनचेच घ्या. त्याच्या तिसऱ्या कार्बनला हायड्रोजन, मिथाइल, इथाइल आणि प्रोपाइल असे चार वेगळे शेजारी आहेत. त्यामुळे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असणारे, पण एकावर एक तंतोतंत न बसणारे दोन रेणू संभवतात. त्यांना वेगळे ओळखायचे तर नावाच्या आरंभी (3R) किंवा (3S) जोडावे लागते.