कॅलमन सिंड्रोम

जन्मापासून वास न येणे किंवा फारच कमी येणे, आणि वयात येण्याची प्रक्रिया आपणहून सुरू न होणे, या दोन गोष्टी एकत्र आढळणारा संप्रेरकांचा जन्मजात विकार. तो मुलींनाही होतो, पण मुलग्यांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. या नोंदीत मुलग्यांचाच विचार केला आहे. स्पेनमधील शरीररचनातज्ज्ञ आउरेलिआनो माएस्त्रे दे सान हुआन यांनी १८५६ मध्ये एका पुरुषाच्या शवविच्छेदनात अविकसित जननेंद्रिये आणि मेंदूतील वासाचे संदेश घेणाऱ्या गंधकंदांचा अभाव एकत्र पाहिला होता. हा विकार घराण्यात चालत येतो हे १९४४ मध्ये फ्रांझ कॅलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले, म्हणून त्याला कॅलमन यांचे नाव मिळाले.

नाकाचा आणि वयात येण्याचा संबंध गर्भातच जुळलेला असतो. वयात येण्याची सुरुवात जीएनआरएच या संप्रेरकाने होते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधील मोजक्या चेतापेशी ते ठरावीक अंतराने थोडे थोडे सोडतात. त्यामुळे पियुषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके तयार करते. एलएचमुळे वृषणात टेस्टोस्टेरॉन बनते. एफएसएच शुक्राणूंच्या निर्मितीला लागते. मात्र जीएनआरएच बनवणाऱ्या या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. त्या गर्भाच्या नाकाच्या भागात तयार होतात आणि गंधाच्या चेतातंतूंचा माग धरून मेंदूत शिरतात. हे तंतू मेंदूपर्यंत पोहोचलेच नाहीत, तर गंधकंद घडत नाहीत आणि मागोमाग निघालेल्या पेशीही वाटेत अडकतात. कॅलमन सिंड्रोम असलेल्या एका गर्भाच्या १९८९ मधील तपासणीत या पेशी खरोखरच नाकाच्या भागात व मेंदूच्या उंबरठ्यावर थांबलेल्या दिसल्या. म्हणजे मुलाची वृषणे आणि पियुषिका मुळात बिघडलेली नसतात; त्यांना आदेशच मिळत नाही. सगळा उपचार याच वस्तुस्थितीवर उभा आहे.

एक्स गुणसूत्रावरील एएनओएस१ या जनुकातील दोष १९९१ मध्ये सापडला. त्यानंतर एफजीएफआर१, पीआरओकेआर२ अशी अनेक जनुके सापडली, तरी बऱ्याच रुग्णांत कारण अजून हाती लागत नाही. एएनओएस१ बिघडलेल्या काही मुलांना एकच मूत्रपिंड असते. काहींच्या एका हाताने केलेली हालचाल दुसरा हातही नकळत करतो.

खरी अडचण निदानाची आहे. मुलग्याचे वृषण ४ मिलिलिटरच्या पुढे वाढले की तो वयात येऊ लागला असे मानतात. १४ वर्षे पूर्ण होऊनही ही वाढ नसेल तर उशीर झाला असे समजतात. पण अशा मुलांपैकी बहुतेकांना कोणताही आजार नसतो. ती फक्त उशिरा वाढणारी असतात, आणि अनेकदा वडीलही तसेच असतात. त्यामुळे ‘थांबा, वाढेल’ हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो आणि कॅलमन असलेल्या मुलाची मात्र वर्षे वाया घालवतो. रक्ताची तपासणी इथे फारशी मदत करत नाही, कारण दोन्ही प्रकारांत टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच कमीच असतात. (वृषणेच निकामी असतील, जसे क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये, तर एलएच आणि एफएसएच वाढलेले दिसतात.) वेगळेपण दाखवणाऱ्या खुणा दोन: लहानपणी खाली न उतरलेली वृषणे किंवा फारच लहान शिश्न, आणि वास न येणे. वासाबद्दल मुलाला थेट विचारून भागत नाही. ज्याने गंध कधी अनुभवलेलाच नाही, त्याला आपल्यात काही उणे आहे हे ठाऊक नसते. तिखट, आंबट, गोड चवी त्याला कळतात आणि अमोनियाचा झोंबरेपणाही जाणवतो. म्हणून कॉफी, लवंग, साबण डोळे मिटून ओळखायला लावणे अधिक खात्रीचे.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. साडेसोळा वर्षांचा मुलगा. आवाज कोवळा, मिसरूड नाही. उंची १६८ सेंमी, पण पसरलेल्या हातांची लांबी १७५ सेंमी, कारण टेस्टोस्टेरॉन नसल्याने हाडांची टोके जुळत नाहीत आणि हातपाय वाढत राहतात. जांघेत थोडे केस आहेत. ते अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांमुळे येतात, त्यावरून वयात आल्याचा निष्कर्ष काढू नये. वृषणे २ मिलिलिटरची, आणि दुसऱ्या वर्षी एका वृषणाची शस्त्रक्रिया झालेली. आई सांगते, ‘फोडणी करपली तरी याला कळत नाही.’ सकाळी आठचे टेस्टोस्टेरॉन २० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे प्रौढ पुरुषाच्या किमान पातळीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एमआरआयमध्ये गंधकंद दिसत नाहीत, पियुषिका व्यवस्थित आहे. सोनोग्राफीत डावे मूत्रपिंड नाही. इतके जुळल्यावर आणखी वाट पाहण्यात अर्थ उरत नाही.

नेहमीचा उपचार म्हणजे टेस्टोस्टेरॉन एनान्थेटची स्नायूतील इंजेक्शने. सुरुवात महिन्याला ५० मिलिग्रॅमने होते आणि दर सहा महिन्यांनी मात्रा वाढवत दोन-अडीच वर्षांत प्रौढ मात्रेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी २०० ते २५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. हा संथपणा मुद्दाम असतो: पहिल्यापासून पूर्ण मात्रा दिली तर हाडांची टोके लवकर जुळून उंची खुंटू शकते. हळूहळू आवाज फुटतो, दाढी-मिशा येतात, स्नायू भरतात, हाडे बळकट होतात. रक्त अति दाट होऊ नये म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, तपासत राहावे लागते. उपचार सहसा आयुष्यभर चालतो. तो मध्येच सोडला तर हाडे ठिसूळ होतात.

पण टेस्टोस्टेरॉनने वृषणे वाढत नाहीत आणि शुक्राणू तयार होत नाहीत. ही गोष्ट मुलाला आणि आईवडिलांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवी, कारण सांगितली नाही तर लग्नानंतर ती धक्का म्हणून समोर येते. मूल हवे असेल तेव्हा टेस्टोस्टेरॉन थांबवून एचसीजी हे एलएचचे काम करणारे संप्रेरक त्वचेखाली आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण १,००० ते २,००० युनिट देतात, आणि सोबत एफएसएच ७५ ते १५० युनिट आठवड्यातून तीनदा. शुक्राणू दिसायला सहा महिन्यांपासून दोन वर्षेही लागतात. संख्या बहुधा कमीच राहते, तरी गर्भधारणा पुष्कळदा होते. वृषणे फार लहान असतील किंवा पूर्वी खाली उतरलेली नसतील तर यशाची शक्यता घटते. अशा मुलांना आधी काही महिने केवळ एफएसएच देऊन वृषणातील आधारपेशी वाढवण्याची पद्धत काही केंद्रांत वापरली जाते. खर्च मोठा आणि इंजेक्शने वर्षभराहून अधिक, म्हणून कुटुंबाने तयारी आधीपासून करावी. तिसरा मार्ग पंपाचा: जीएनआरएचच दर दीड-दोन तासांनी छोट्या मात्रेत द्यायचे. ते सलग सोडले तर उलट पियुषिका गप्प होते.

जनुकतपासणीचा उपयोग पुढच्या पिढीसाठी होतो. दोष एएनओएस१ मध्ये असेल तर वडिलांकडून मुलग्याला तो जात नाही, पण प्रत्येक मुलगी वाहक होते. एफजीएफआर१ मध्ये असेल तर मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.

वास मात्र कोणत्याही उपचाराने येत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मिसळलेला उग्र वास अशा माणसाला सावध करू शकत नाही, म्हणून एकटे राहताना गॅसगळती ओळखणारे यंत्र बसवावे आणि दूध, मटण तारखेवरून वापरावे.

दहापैकी सुमारे एका रुग्णात संप्रेरकांचे काम काही वर्षांनी आपणहून सुरू होते. टेस्टोस्टेरॉन घेत असतानाही वृषणे मोठी होऊ लागली तर ती याची खूण असते, कारण या औषधाने ती वाढत नाहीत. अशा वेळी उपचार काही आठवडे थांबवून सकाळचे टेस्टोस्टेरॉन पुन्हा मोजतात. ते योग्य आले तरी पुढे दरवर्षी तपासणी चालू ठेवावी लागते, कारण काहींच्या बाबतीत हे काम पुन्हा बंद पडते.